अडीच सेंटीमीटरची फट

पंचावन्न इंची टीव्ही भिंतीवर लावून दोन महिने झाले होते. काकूंचा फोन आला, "अहो, चित्र मधेच काळं होतं, मग आपोआप येतं." मी फोनवरच सेट-टॉप बॉक्सवर ढकलून मोकळा झालो. बॉक्स बदलून झाला, तरी तेच.

शेवटी गेलो. चित्र चालू ठेवून टीव्हीची खालची कड हळूच दोन इंच पुढे ओढली. लुकलुक बंद. परत भिंतीकडे दाबली, पडदा काळा. एवढ्यावरच कळलं, बॉक्सचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

फिक्स ब्रॅकेट असल्यामुळे मागे फट जेमतेम अडीच सेंटीमीटर. एचडीएमआय पोर्ट सरळ भिंतीकडे तोंड करून. केबलचं डोकं आणि त्यामागची रबरी शेपटी मिळून चार सेंटीमीटर. वर ती तीन मीटरची, जाड, विणलेल्या आवरणाची केबल. वाकवायला गेलं की उलटी उसळते. टीव्ही 'खट्ट' आवाज येईपर्यंत दाबून बसवला होता मीच, म्हणजे पूर्ण भार पोर्टवर.

केबल बदलायची म्हटलं तर ती भिंतीत. सुतारानं पॅनेल मारायच्या आधी झिरीत वीस एमएमचा पाइप टाकलेला, त्यात दोन बेंड. केबल आत असतानाच गिलावा झालेला असणार, कारण डोकं त्या बेंडमधून जाणं शक्यच नाही. जरा मोठा पाइप आणि मोठ्या गोलाईचे बेंड टाकले असते तर काय बिघडलं असतं? पण सुतार-गवंडी वायरवाल्याला विचारतात कधी!

मग भिंतीतली केबल तशीच ठेवली. तिच्या टोकाला तीस सेंटीमीटरची पातळ, लवचिक मेल-फीमेल तार जोडली, टीव्हीकडचं डोकं काटकोनी. काटकोनी डोकं वेगवेगळ्या दिशांना वळणारं मिळतं; पहिलं आणलं ते वर वळणारं, थेट ब्रॅकेटच्या पट्टीवर आपटलं. दुकानात जाण्याआधी पोर्टचा फोटो काढून त्याची रुंद बाजू कुठे आहे ते बघायला हवं होतं. एक फेरी वाया. पातळ तार लांब अंतराला फोरकेला दगा देते, पण एवढ्याशा तुकड्याला काही होत नाही. जोड ब्रॅकेटला वेल्क्रोनं बांधला, म्हणजे ओढ पोर्टपर्यंत जात नाही.

चित्र स्थिर झालं. पण बॉक्स साउंडबारमधून जोडलेला, म्हणजे साउंडबारही त्याच पोर्टवर; टीव्हीचा आवाज साउंडबारला परत पाठवणारा, एआरसीचा, तो एकच, आणि आवाज अजून कधीतरी तुटतो. पोर्टचे सोल्डरचे टाके आतून हलले असतील का? काकू म्हणाल्या, "चालतंय की आता, राहू दे." मी मजुरी घेतली नाही. मदरबोर्ड उघडून बघू का, हे मात्र त्यांना अजून विचारलेलं नाही.