शाळेला दिलेलं एक पान

वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलाच्या तपासणीचा पूर्ण अहवाल दहा-बारा पानांचा होतो, तो पालकांकडे राहतो. शाळेला मी एकच पान देते. अठ्ठावन्न मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाई दुसरं पान उलटत नाहीत आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आमच्या क्षेत्रातले पुष्कळ लोक अहवालाच्या शेवटी ‘मुलाकडे वैयक्तिक लक्ष द्यावे, प्रोत्साहन द्यावे’ असं लिहून मोकळे होतात. हे वाक्य नाशिकमधल्या कुठल्याही मुलाच्या कुठल्याही कागदावर चिकटवता येतं, म्हणून ते कोणाच्याच उपयोगाचं नसतं.

हा मुलगा सहावीतला, सेमी इंग्रजीचा. वडील अंबडला एका कंपनीत शिफ्टमध्ये, आईचं माहेर गिरणाऱ्याकडचं. शाळेची तक्रार अशी की वही अपुरी, वाचायला उभं केलं की तोंडात मिठाची गुळणी, गणितात ‘ढ’. डोळे आणि कान आधी तपासून घेतले, दोन्ही ठीक. बुद्धिमापन वयाला साजेसं. शाळा बुडवलेली नाही, पहिलीपासून मराठीतच शिकला आहे. म्हणजे अडचण कुठेतरी वाचनातच.

मराठीत ती पकडायची कशी, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. ऱ्हस्व-दीर्घ तर सगळेच चुकतात, त्यावरून काही ठरत नाही. मी अर्थ नसलेले शब्द वाचायला देते, ‘डिगोळ’, ‘फम्रट’ असले. ओळखीचा शब्द मूल अंदाजाने मारून नेतं, इथे अंदाज चालत नाही. हा मुलगा ‘डिगोळ’ला ‘डोंगर’ म्हणाला आणि ‘फम्रट’पाशी थांबलाच. खरे शब्द वाचताना रफार कुठे लावायचा ते कळेना, ‘पर्वत’चा ‘प्रवत’ होई. आणि ‘कमळ’मधला पहिला आवाज काढला तर काय उरेल, हे दुसरीतलं मूल सांगतं, ते त्याला बोटांवर मोजून काढावं लागलं.

मग सहावीच्या पातळीचा एक उतारा त्याला स्वतः वाचायला दिला. प्रश्न आठ, बरोबर उत्तरं दोन. तेवढाच अवघड असा दुसरा उतारा मी वाचून दाखवला, तर सात बरोबर. आठव्या प्रश्नावर त्याने माझ्याशी वादच घातला. समज शाबूत आहे, ती कागदावरून आत जायची वाट अरुंद आहे, हे एवढं या दोन आकड्यांवरून दिसतं. शाळेच्या पानावर मी हेच दोन आकडे घातले. बुद्ध्यांक घातला नाही. तो एकदा फाइलला लागला की मुलाचं आडनावच होऊन बसतो.

वडिलांचा मात्र वेगळाच आग्रह होता. “मॅडम, आधार काय द्यायचा ते सगळं लिहा, पण डिस्लेक्सिया तेवढं लिहू नका. त्याला ड तुकडीत टाकतील.” भीती खोटी नव्हती. या शाळेत तुकड्या गुणांवरून पडतात आणि ‘ड’मध्ये काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण निदान न लिहिता शाळा सवलत देत नाही. दिव्यांग हक्क कायद्यात 2016 पासून अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश आहे, तरी परीक्षेच्या सवलतींसाठी लागणारं प्रमाणपत्र सरकारने नेमलेल्या रुग्णालयातून घ्यावं लागतं. माझ्या कागदावर ते काम भागत नाही, तो फार तर सोबत जोडता येतो. दहावीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा आत्तापासून नोंद असलेली बरी, असं मी त्यांना समजावलं. शेवटी त्यांनी सही केली, पण एका अटीवर. ती अट पुढे येईलच.

पान घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी वरवर नजर फिरवली आणि पहिलाच प्रश्न, “आयक्यू किती?” म्हटलं, वयाला योग्य आहे, त्यापुढे तुम्हाला लागणार नाही. त्यांना ते आवडलं नाही.

गणिताचे सर मात्र खरे मुद्द्यावर आले. “वाचनाचं मान्य, पण गणितात कुठे वाचन असतं?” पुस्तक त्यांच्याच हातात होतं, शाब्दिक उदाहरणं इंग्रजीत. मी म्हणाले, एक तुम्ही वाचून दाखवा, मराठीत सांगितलंत तरी चालेल. मुलाला बोलावलं. सरांनी पुस्तक बाजूला ठेवून मनानेच घातलं: बारा क्रेट टोमॅटो, एकेका क्रेटमध्ये वीस किलो, त्यातला पंधरा किलो माल खराब निघाला, विकायला किती उरला? मुलाने विचारलं, “सर, क्रेटचं वजन धरून वीस, का माल वीस?” सर जरा गडबडलेच. माल वीस, म्हणाले. “मग दोनशे पंचवीस.” कागदाला हात न लावता. सरांनी लगेच आणखी दोन घातली, जरा चिडूनच. एक चुकलं, एक बरोबर आलं. त्यानंतर ‘ढ’ हा शब्द त्यांच्याकडून निदान माझ्यासमोर तरी आला नाही.

खरी चर्चा फळ्यावरून झाली. तपासणीत मी समोरच्या भिंतीवर एक वाक्य लावून उतरवायला देते आणि मान किती वेळा वर होते ते मोजते. सात शब्दांच्या वाक्याला हा एकोणीस वेळा वर बघत होता. एका खेपेत दोन अक्षरं आणायची, मग आपण कुठे होतो ते फळ्यावर पुन्हा शोधायचं. तोवर बाई फळा पुसतात. अपुऱ्या वहीचं कारण हे. म्हणून पानावर पहिली सूचना होती: फळ्यावरून उतरवायला लावू नये, नोंदी तयार द्याव्यात. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “झेरॉक्स रोज कोण काढणार? आणि कोणाच्या पैशाने?” मी काही बोलायच्या आत त्यांनीच तोडगा काढला. बाकावरच्या शेजाऱ्याच्या वहीखाली कार्बन आणि सुटा कागद ठेवायचा, तास संपला की याने तो आपल्या वहीत चिकटवायचा. मी ते तिथेच पानावर हाताने लिहिलं, त्यांच्याच शब्दांत.

बाकीच्या सूचनांना फार विरोध झाला नाही. प्रकट वाचन अचानक सांगायचं नाही, परिच्छेद आदल्या दिवशी खूण करून द्यायचा. विज्ञान-इतिहासात आशयाला गुण, शुद्धलेखनाचे कापायचे नाहीत. लेखी चाचणीला तासामागे वीस मिनिटं जादा. इथे मी मुद्दाम लिहिलं होतं की ही मिनिटं मधल्या सुट्टीतून किंवा खेळाच्या तासातून काढू नयेत. कारण ‘जादा वेळ’ म्हटलं की शाळांना डबा खायची वेळच आधी दिसते. या सगळ्याने वाचन सुधारत नाही, हेही पानावर आहे. वाचनासाठी आठवड्यातून तीनदा विशेष शिक्षिकेकडे आवाज-अक्षरांचं काम सुरू केलंय आणि त्याला वर्ष-दोन वर्षं लागतील. वेग कदाचित कायमच कमी राहील.

शेवटची ओळ वडिलांच्या अटीची होती: सदर निदानाच्या आधारे तुकडी बदलू नये. मुख्याध्यापिका त्या ओळीवर थांबल्या. “हे तुम्ही कसं लिहिता? तुकड्या आमचा अंतर्गत विषय आहे.” नियमाने त्यांचं बरोबर असेल. पण ही ओळ खोडली असती तर वडिलांची सहीही गेली असती. शिवाय ज्या दोन शिक्षकांना आता हा मुलगा कळलाय ते ‘ब’ला शिकवतात. मी ओळ ठेवली. त्यांनी पोच दिली आणि तिच्यावर ‘जूनमध्ये निर्णय’ असा शेरा मारला.

तेव्हापासून विचार करतेय की निदानाची ओळ जूननंतर घातली असती तर काय बिघडलं असतं. तोवर वार्षिक परीक्षा जादा वेळाशिवाय गेली असती आणि त्या गुणांवर तो ‘ड’मध्ये आपोआपच गेला असता, हे उत्तर माझ्याकडे आहे. वडिलांनाही फोनवर तेच सांगितलं. ते “बरं” म्हणाले. रुग्णालयाची तारीख मात्र अजून घेतलेली नाही.