उधारीची लाईन

मी घरोघरी पेपर आणि दूध टाकतो. पहाटे चौकात पेपरचे गठ्ठे उतरले की आधी पुरवण्या भरायच्या आणि मग लाईन लावायची. घरांच्या क्रमानं पेपर रचायचे, पहिलं घर वर आणि शेवटचं तळाशी. लिफ्ट असेल तिथे थेट वरच्या मजल्यावर जायचं आणि जिन्यानं टाकत उतरायचं. दूध जड, शिवाय उन्हाळ्यात लवकर नासणारं, म्हणून जिथे पिशव्या जास्त त्या सोसायट्या आधी उरकतो.

लाईन बरोबर पडली की नाही, हे शेवटी हातात काय उरतं त्यावरून कळतं. काहीच उरायला नको. इंग्रजी पेपर उरला, तर कुठेतरी इंग्रजीवाल्याच्या दारात मराठी पडला. मग मागे जायचं, आणि तेही आजोबा दार उघडायच्या आत!

इथवरचं काम हातांना सवयीचं होतं. वसुलीचं तसं नाही. दुधाचे पैसे आम्ही रोजच्या रोज मोजतो, गिऱ्हाईक मात्र महिना संपल्यावर देतं. तीस रुपयांची एक पिशवी रोज, महिन्यात चार खाडे, म्हणजे बिल झालं 780 रुपये. पिशवीमागे समजा रुपया सुटतो. हे एक बिल बुडलं तर ते भरून काढायला 780 पिशव्या जिने चढवायच्या.

वसुलीला रविवारी दहानंतर जावं, सगळे घरात सापडतात. तरी ‘साहेब आंघोळीला गेलेत’ हे असतंच. सुट्या पैशांची सबब मोबाइलवरून पैसे यायला लागल्यापासून गेली. आता ‘संध्याकाळी पाठवते’ आली. खाड्यांवरून वाद होतो तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला सांगतो. बहुतेक बायका त्यावर फुल्या मारतात आणि त्या फुल्या माझ्या वहीपेक्षा चोख असतात.

दोन महिने थकले की मी पेपर चालू ठेवून दूध थांबवतो. पेपर बंद केला तर चार दिवस कुणाला पत्ता लागत नाही. दूध नाही आलं की सातच्या आत फोन येतो, "अरे, आज दूध का नाही?" मग हिशेबाचा विषय आपोआप निघतो. तेही फार ताणता येत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या पोराकडे गेलं की मागची बाकी गेलीच म्हणायची.

खरी भीती भाडेकरूंची. महिनाअखेरीला कुणी म्हणालं, "उद्यापासून सांगेपर्यंत टाकू नका," की मी त्याच संध्याकाळी वही घेऊन जातो. गावाला जाणारा माणूस परत यायची तारीख सांगतो. हल्ली नव्या भाडेकरूकडून महिन्याचे पैसे आगाऊच घेतो. काहीजण तोंड वाकडं करतात. त्यांना मी कोपऱ्यावरचं दुकान दाखवतो. तिथे सहापासून दूध मिळतं, रोखीनं.