गांधीबागेत ‘ताळेबंद’ चाललं नाही

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका कापड दुकानात मी माझं नवं कार्ड गल्ल्यावर ठेवलं. शेठजींनी चष्मा वर करून इंग्रजी अक्षरं मोठ्याने वाचली, ‘तालेबंद’. मग माझ्याकडे बघून खऱ्याच काळजीने विचारलं, “मॅडम, ताला बंद? किसका दुकान बंद हुआ?”

ते नाव शोधायला मला तीन आठवडे लागले होते. नऊ वर्षं एका फर्ममध्ये अकाउंट्स सांभाळल्यावर मी नोकरी सोडली आणि मानेवाड्याच्या घरूनच दुकानांचे हिशेब लिहायला घेतले. रोजच्या नोंदी, बँक स्टेटमेंटशी जुळवणी, महिनाअखेरीला सगळी कागदपत्रं नीट लावून सीएकडे पोचवायची, एवढंच माझं काम. त्याला साजेसं, खास मराठी नाव हवं होतं. रोजकीर्द, खतावणी असे शब्द वहीत लिहून बघितले आणि ‘ताळेबंद’वर येऊन थांबले. वर्षाचा हिशेब जिथे पूर्ण होतो ती जागा. अजूनही मला तो शब्द फार आवडतो.

पण माझी गिऱ्हाईकं इतवारी-गांधीबागेतली. तिथे बाजाराची बोली हिंदी, घरी कोणी मारवाडी बोलतं, कोणी सिंधी, कोणी मराठी. इंग्रजीत लिहिलं की ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि हिंदी कानाला कुलूप ऐकू येतं. दुकानदाराला त्याच्या दुकानाच्या संदर्भात ऐकवू नये असा शब्द कुठला, तर नेमका हाच. मी नाव मराठी डोळ्यांनी निवडलं होतं, आणि ते वापरणार होते हिंदी कानांचे लोक. घरात, मैत्रिणींना, दिराला, सगळ्यांना विचारलं होतं. पैसे देणाऱ्या अकरा दुकानांपैकी एकालाही विचारलं नव्हतं.

तरीही मी महिनाभर नाव रेटलं. ते सोडावं लागलं एका चेकमुळे. एका धान्य व्यापाऱ्याने तीन महिन्यांचे पैसे एकदम दिले, चेक माझ्या कार्डावरच्या नावाने लिहिला. माझं खातं साधं बचत खातं, माझ्या स्वतःच्या नावाचं. बँकेने तो चेक घेतला नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं, कारण ‘ताळेबंद’ नावाचं खातं कुठेच नव्हतं. क्यूआर कोडचंही तेच. स्कॅन केल्यावर पडद्यावर बँकेत असलेलं नाव दिसतं, कार्डावरचं नाही. दोन दुकानदारांनी पैसे पाठवायच्या आधी मला फोन करून विचारलं, “ये रेखा कौन है?” ते मला ‘टॅलीवाली मॅडम’ म्हणून ओळखत होते. पैशांच्या व्यवहारात असा एक क्षण जरी माणूस अडखळला, तरी हिशेब ठेवणाऱ्या बाईबद्दल शंका येते. तिथे मी ठरवलं की नाव बदलायचं, आणि या वेळी उलट बाजूने सुरुवात करायची.

उलट बाजूने म्हणजे गिऱ्हाइकांच्या फोनमधून. पुढच्या आठवड्यात प्रत्येक दुकानात गेले की विचारायचं, तुमच्या फोनमध्ये माझा नंबर कुठल्या नावाने आहे? अकरापैकी पाच जणांकडे ‘टॅली मॅडम’, तिघांकडे ‘रेखा अकाउंट’, दोघांकडे ‘रेखाताई’, आणि एकाकडे ‘अकाउंटवाली मानेवाडा’. ‘ताळेबंद’ एकाच्याही फोनमध्ये नव्हतं. महिनाभर कार्डं वाटूनही!

सगळ्यात जास्त मतं ‘टॅली’ला होती, पण ते नाव घेता येत नाही. ते दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचं नाव आहे. नोंदणी झालेला ट्रेडमार्क त्याच क्षेत्रातल्या आपल्या धंद्याच्या नावात गुंफणं हे 1999च्या ट्रेड मार्क्स कायद्याने उल्लंघनच ठरतं. लोकांनी मला प्रेमाने तसं म्हणणं वेगळं, मी ते बिलावर छापणं वेगळं.

ज्यांच्याकडे माझ्या फाइली जातात त्या सीए सरांनी आणखी दोन शब्द काढायला लावले. माझ्या यादीत एक नाव ‘असोसिएट्स’चं होतं. ते म्हणाले, “रेखाताई, तुम्ही एकट्या आहात नं? मग असोसिएट्स कोण? आणि ऑडिट, टॅक्स हे शब्द नावात घालू नका. लोक तुम्हाला सीए समजतील आणि नसलेली जबाबदारी तुमच्यावर येईल.” मला हे फार पटलं. एकटीने काम करणाऱ्या बाईने मोठं दिसायला नाव फुगवलं की पहिल्याच भेटीत समोरचा विचारतो, ऑफिस कुठे, माणसं किती. मग खुलासे करत बसावं लागतं.

यादीत एक घडवलेलं, आधुनिक वाटणारं नावही होतं. ते मी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात टाकून बघितलं. हा शोध फुकट आहे. वस्तू आणि सेवा मिळून 45 वर्ग असतात, आणि हिशेब लिहिण्याची सेवा वर्ग 35 मध्ये येते. नाव जसंच्या तसं टाकलं तर काहीच आलं नाही आणि मी खूश झाले. मग उच्चारावरून शोधण्याचा पर्याय वापरला, तर त्याच वर्गात वेगळ्या स्पेलिंगचं पण तोंडाने अगदी तेच असलेलं, नोंदणी झालेलं नाव निघालं. नुसतं स्पेलिंग बदलून सुटका होत नाही, उच्चारातलं साम्यही धरलं जातं. म्हणून शोध दोन्ही तऱ्हांनी करायचा.

शेवटी उरलं ते तीन फोनांमध्ये आधीपासूनच असलेलं नाव: रेखा अकाउंट्स. आडनाव मुद्दाम घेतलं नाही, कारण आमचं आडनाव इंग्रजीत कोणी व्ही-ने लिहितं, कोणी डब्ल्यू-ने. ‘रेखा’ मराठीत, हिंदीत, इंग्रजीत सारखंच उच्चारलं जातं आणि स्पेलिंग विचारावं लागत नाही. ‘हिशेब’ला मात्र हिंदीत ‘हिसाब’ म्हणतात, म्हणजे पुन्हा दोन रूपं. ‘अकाउंट्स’ बाजारात सगळेच म्हणतात. पक्कं करण्याआधी मी एक चाचणी घेतली. बहिणीच्या फोनवरून पाच अनोळखी दुकानांना फोन लावला, गर्दीच्या वेळी, आणि सांगितलं, “रेखा अकाउंट्सकडून बोलतेय.” पाचही जणांनी पहिल्यांदाच ऐकून विचारलं, हां, अकाउंटचं काय? ‘ताळेबंद’ म्हटलं की मला दरवेळी अर्थ सांगावा लागायचा.

या नावाची एक मर्यादा आहे आणि ती मी समजून घेतली आहे. स्वतःचं पहिलं नाव आणि पुढे कामाचं वर्णन, असं नाव ट्रेडमार्क म्हणून कमकुवत असतं. नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दावर सहसा कोणाचा एकट्याचा हक्क मान्य होत नाही. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे, आणि मी तो अर्ज केलेला नाही. माझी गिऱ्हाईकं चार गल्ल्यांतली आणि एकमेकांच्या सांगण्यावरून येणारी. उद्या कोणाला स्वतःचं सॉफ्टवेअर काढायचं असेल, शाखा काढायच्या असतील, तर त्याने घडवलेलंच नाव घ्यावं आणि अर्जही करावा.

कागदपत्रांचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन, फुकट झाली. दुकान-आस्थापना नोंदणी, जिला आपण गुमास्ता म्हणतो, तिच्यासाठी माझ्यासारख्या एकटीच्या धंद्याला 2017च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि तिची पावती मिळते. दोन्हीकडे नाव अक्षरन् अक्षर एकच ठेवलं, शेवटच्या ‘स’सकट. या दोन कागदांवर बँकेने ‘रेखा अकाउंट्स’ नावाचं चालू खातं उघडलं. मात्र या नोंदण्यांनी नावावर मालकी मिळत नाही. त्याच नावाने आणखी कोणीही उद्यम काढू शकतो. आणि धंदा प्रोप्रायटरशिपचा असल्यामुळे पॅन माझंच राहिलं. म्हणून बिलावर वर ‘रेखा अकाउंट्स’ आणि खाली प्रोप्रायटर म्हणून माझं पूर्ण नाव आणि पॅन असतं, म्हणजे कोणी टीडीएस कापला तर तो माझ्याच खाती जमा दिसतो.

दिसण्याच्या बाबतीत मी पहिल्या वेळी जास्त पैसे घालवले होते. निळ्यातून हिरव्यात विरघळणारं चिन्ह, खाली करड्या रंगात बारीक अक्षरं. दुकानातल्या झेरॉक्सवर ती करडी अक्षरं उडूनच गेली आणि चिन्हाचा काळा डाग उरला. माझे बहुतेक कागद काळ्या प्रिंटरवर निघतात आणि दोनदा झेरॉक्स होऊन फाइलला लागतात, हे डिझाइन करणाऱ्या मुलाला मी सांगितलंच नव्हतं. त्याची काही चूक नव्हती.

आता चिन्ह नाहीच. ‘रेखा अकाउंट्स’ हेच दोन शब्द, एका मुक्त फॉन्टच्या जाड वळणात. हा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्यात देवनागरी-इंग्रजी दोन्ही एकाच हातची वाटतात. त्याचं नाव `Mukta`. रंग एकच, जुन्या हिशेबाच्या वहीच्या पुठ्ठ्यासारखा गडद लाल, `#8B1A1A`. तो काळ्या प्रिंटवर गडद करडा होतो, पण वाचता येतो. व्हॉट्सॲपवर फोटो गोल कापला जातो आणि लांब नाव कडेला तुटतं, म्हणून तिथे नुसतं ‘रे’ हे एक अक्षर, त्याच लालावर पांढरं. दारावरची पाटीही देवनागरीतच केली. दुकान-आस्थापना कायद्याच्या 2022च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांनाही फलक मराठीत लावावा लागतो, आणि दुसरी लिपी असेल तर मराठी अक्षरं तिच्यापेक्षा लहान चालत नाहीत.

सगळ्यात शेवटी महालातल्या शिक्केवाल्याकडून रबरी शिक्का करून घेतला. त्याने पहिला नमुना पाव इंचाच्या ओळीत बसवला तर ‘अकाउंट्स’मधलं जोडाक्षर भरून गेलं, शाईचा ठिपका झाला. मी ओळ मोठी करायला सांगितली, नावाखालचा पत्ता काढून टाकला. दुसरा नमुना त्याने जुन्या पावतीच्या पाठीवर उमटवून दिला, आणि ‘ट्स’ अगदी स्वच्छ आलं. त्याच संध्याकाळी धान्यवाल्याकडे जाऊन तो जुना चेक परत दिला. त्याने काही न विचारता नवा लिहिला.