शंभर दाण्यांचं पत्र

शनिवारी सकाळी साडेसहाला आक्कांनी पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं. "सर, ही मटकी न्हवं, खडं हैत खडं. हात घालून बघा."

हात घातला. रात्रभर भिजलेल्या मटकीत कितीतरी दाणे सुक्यासारखेच टणक होते. बोटांत दाबले तर नखाला लागत होते. वर पाण्यावर भोकं पडलेले पोकळ दाणे तरंगत होते. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे मिसळ. आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये १८० मुलं जेवतात आणि आठवडाभर त्या एका नाश्त्याची वाट बघतात.

मेसचा भांडारी म्हणून किराणा मी बघतो. लक्ष्मीपुरीतल्या एका व्यापाऱ्याकडून दर शुक्रवारी दुपारी चारपर्यंत माल यायचा ठरलेला. ही वेळ मिसळीच्याच हिशेबानं ठरवली होती. शुक्रवारी रात्री मटकी भिजवायची, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, तेव्हा कुठं रविवारी पहाटे मोड हाताशी येतात. माल शनिवारी आला की रविवारची मिसळ गेली. ऑगस्टात ९ आणि १६ तारखेला नेमकं हेच झालं, दोन्ही वेळा टेम्पो दुसऱ्या दिवशी आला. २३ ला तो शुक्रवारीच आला, पण रात्री सव्वाआठला, आणि घाईत ६ किलो मटकी न बघताच भिजत पडली.

रागाच्या भरात मी पत्र लिहायला घेतलं. "वारंवार उशीर", "अत्यंत निकृष्ट माल", "हे खपवून घेतलं जाणार नाही." लिहून झाल्यावर वाचलं आणि मलाच कळलं, यावर शेठ एका वाक्यात उत्तर देतील: पावसाळा आहे, पाणी गार आहे, तुमची भिजवायची पद्धत चुकली असेल. माझ्याकडं त्याला उत्तर नव्हतं.

ते आक्कांनी दिलं. मागच्या महिन्याची मटकी डब्याच्या तळाशी थोडी उरली होती. त्यातले शंभर दाणे एका वाटीत मोजून घातले आणि नव्या पोत्यातले वरून, मधून, तळातून मिळून शंभर दुसऱ्या वाटीत. पाणी एकाच घागरीतलं, वाट्या एकाच ओट्यावर. संध्याकाळी पाचला मोजले. जुन्यात न फुगलेले ४, नव्यात ३४. पाणी तेच, हात तोच. गणंग थोडे सगळ्याच मटकीत निघतात, पण शंभरात चौतीस म्हणजे माल जुना, बहुतेक नव्यात मिसळलेला.

मग पत्र वेगळंच झालं. विशेषणं गेली, तारखा आल्या. मधला भाग असा होता:

"दि. ९, १६ व २३ ऑगस्ट रोजी माल ठरल्या वेळेत पोहोचला नाही. आवक वहीतील वेळा सोबत जोडल्या आहेत. दि. २३ च्या २५ किलो मटकीपैकी ६ किलो भिजवली असता ती वापरण्याजोगी नसल्याचे आढळले. उरलेली १९ किलो न वापरता वेगळी ठेवली असून ती आम्ही नाकारत आहोत. नमुना पाहण्यास आपला माणूस पाठवावा. पूर्ण २५ किलोची रक्कम बिलातून वजा करावी व बदली माल बुधवारपर्यंत द्यावा. यापुढे शुक्रवारी चारनंतर आलेला माल उतरवून घेण्याचे बंधन आमच्यावर राहणार नाही."

"नाकारत आहोत" हा शब्द मी मुद्दाम त्याच दिवशी घातला. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार माल तपासायला खरेदीदाराला वाजवी संधी मिळते, पण वाजवी मुदतीत काही न कळवता माल ठेवून घेतला की तो स्वीकारला असं धरलं जातं. शिवाय आमच्या पोरानं चलनावर "माल व्यवस्थित मिळाला" याखाली सही करून ठेवली होती. त्याला मी रागावलो नाही. रात्री सव्वाआठला, पावसात, टेम्पोवाला हॉर्न वाजवत असताना कुणीही सही करेल. आता आम्ही चलनावर सहीच्या आधी "पोती मिळाली, तपासणी बाकी" असं लिहितो.

पत्राबरोबर दोन्ही वाट्यांचा फोटो पाठवला. सोमवारी शेठ स्वतः आले. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढली, तळहातावर पसरली, बराच वेळ बघितली. म्हणाले, "गोडाऊनमधला जुना लॉट मिसळलाय पोरांनी." १९ किलो परत नेली, पंचवीसचे पैसे वजा केले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला आलेल्या डागी तूरडाळीचं मात्र त्यांनी मान्य केलं नाही. ती आम्ही तक्रार न करता शिजवून संपवली होती, त्यामुळं मलाही तिथं जोर धरता आला नाही.

पुढच्या शुक्रवारी टेम्पो पावणेचारला आला. पोतं खाली उतरण्याआधीच आक्का वाटी घेऊन दारात उभ्या होत्या.