जेलची बाटली आणि चार दिवस अडलेली सही

आयसीयूतल्या तीन पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये एकाच आठवड्यात बर्खोल्डेरिया सेपेशिया हा जंतू वाढला. आमच्या लॅबमध्ये तो वर्षातून एखादा दिसतो. तिसऱ्या प्लेटवर पॉलिमिक्सिन-बी या अँटिबायोटिकच्या डिस्कला अगदी खेटून जंतू वाढलेला पाहिला आणि तशीच उठून इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरांना फोन केला. रिपोर्ट टाइप व्हायची वाट पाहिली नाही. तुम्हीही पाहू नका.

सिस्टर दहा मिनिटांत आल्या. पण वॉर्डातल्या वस्तूंचे नमुने घ्यायला फॉर्म लागतो आणि फॉर्मवर वरिष्ठांची सही. मी फॉर्म घेऊन गेले तर उत्तर मिळालं, "हा जंतू कोलिस्टिन, जेंटामायसिनला मुळातच दाद देत नाही. तिन्ही अँटिबायोग्राम सारखे आले, त्यात नवीन काय?" बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. अँटिबायोग्राम, म्हणजे कुठलं औषध जंतूवर चालतं याचा तक्ता, सारखा आला म्हणून तिन्ही जंतू एकाच ठिकाणचे, असं मी म्हणतच नव्हते. वर्षाला एक येणारा जंतू आठवड्यात तीनदा का आला, एवढंच विचारत होते. फॉर्म टेबलावर राहिला. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगमध्ये, तिसऱ्या दिवशी "समितीपुढे ठेवू". त्याच संध्याकाळी चौथ्या पेशंटची ब्लड कल्चरची बाटली मशीनमध्ये पॉझिटिव्ह झाली. चौथ्या दिवशी मागचे पाच वर्षांचे आकडे एका कागदावर लिहून समोर ठेवले, तेव्हा सही झाली. तो कागद पहिल्याच दिवशी न्यायला हवा होता.

मधल्या काळात सिस्टरांनी चौघांची यादी केली होती. बेड वेगळे, डॉक्टर वेगळे, सलाईनचे बॅच वेगळे. सारखं एकच: चौघांनाही सोनोग्राफी लावून मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन टाकलेली. म्हणजे सोनोग्राफीचं जेल. हा जंतू जेलमधल्या पॅराबेन प्रिझर्व्हेटिव्हलाही पुरून उरतो.

सही मिळेपर्यंत बेडजवळच्या दोन बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या गेल्या होत्या. नशिबाने कपाटामागे एक अर्धी राहिली होती. तळाशी जुनं पिवळट जेल, वर नवीन भरलेलं, तोंडाशी वाळलेली पापडी. जेल घट्ट असतं, तसंच प्लेटवर फासलं तर नीट पसरत नाही. एक मिली जेल नऊ मिली ब्रॉथमध्ये हलवून मग लावलं. दोन दिवसांनी तोच जंतू आला. उघडलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्येही होता, सीलबंद कॅनमध्ये नव्हता. म्हणजे घाण भरताना शिरत होती.

एक सांगायचं राहिलं: पहिल्या तिघांचे जंतू ग्लिसरॉलमध्ये जपून ठेवले होते, म्हणून जेलमधल्या जंतूसोबत, सगळे एकाच मुळाचे आहेत का हे पाहणाऱ्या टायपिंगच्या तपासणीला पाठवता आले. प्लेट टाकून दिल्या असत्या तर जुळवायला काहीच उरलं नसतं.

आता लाइन टाकताना निर्जंतुक, एकदाच वापरायचं पाकीट मिळतं. बाटल्या भरणं बंद झालं. त्यानंतरच्या तीन महिन्यांत आयसीयूतून सेपेशिया एकदाही आला नाही. तो फॉर्म मात्र अजून तसाच आहे, सहीच्या चौकोनासकट.