वीस बोंडांत दोन: कपाशीचा सल्ला शेतातल्या बोलीत आणताना

परभणी जिल्ह्यात मानवतच्या बाजूला शेतकऱ्यांसोबत काम करताना माझ्याकडे एक काम आलं. गुलाबी बोंडअळीचा कृषी सल्ला खुरपणीच्या बायकांना एकमेकींना सांगता येईल असा करायचा होता. सल्ल्यातलं मुख्य वाक्य असं होतं: "पेरणीनंतर 45 दिवसांनी हेक्टरी 5 कामगंध सापळे लावावेत. सलग तीन दिवस प्रति सापळा 8 पतंग किंवा 10 टक्के प्रादुर्भावग्रस्त हिरवी बोंडे आढळल्यास आर्थिक नुकसान पातळी ओलांडली असे समजून प्रोफेनोफॉस 50 ईसी 20 मिली प्रति 10 लिटर पाण्यात मिसळून फवारणी करावी." खाली लहान अक्षरांत होतं, "ही मात्रा साध्या पंपासाठी असून पेट्रोल पंपासाठी मात्रा तिप्पट करावी."

यात चुकीचं काहीच नाही. पण पऱ्हाटीत दिवसभर वाकून असतात त्या खुरपणीच्या बायका. मालक बांधावरून शेत बघतो, आणि ही अळी बांधावरून दिसत नाही. ती लहान असतानाच बोंडात शिरते, शिरलेलं भोक बुजून जातं आणि बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं. म्हणून सल्ला पोचायचा तर आधी या बायकांच्या तोंडी बसला पाहिजे, हे मी धरून चाललो.

पहिला मसुदा मी टोळीच्या मुकादमीण मावशींना वाचून दाखवला. त्यांनी तो दुसरीला सांगायचा, दुसरीनं तिसरीला, आणि तिसरीनं मला. तिसरीच्या तोंडून आलं ते एवढंच: "बोंडअळीला प्रोफेनोफॉस मारायचं, पेट्रोल पंपाला तिप्पट." म्हणजे कधी मारायचं, किती दिसल्यावर मारायचं, हे सगळं वाटेत गळालं होतं. औषधाचं नाव आणि तिप्पट तेवढं टिकलं होतं. नेमकं जे चुकलं तर जिवावर बेतेल, तेच ध्यानात राहिलं. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते इकडंही कुणी विसरलेलं नाही.

इथंच मी ठरवलं की मोजणी तोंडानं फिरेल आणि औषधाचं माप चिठ्ठीवर जाईल. दोन्ही एका वाक्यात राहणार नाहीत.

मोजणीत पहिला अडथळा टक्क्यांचा. दहा टक्के म्हणजे वीस बोंडांत दोन, हे सोपं आहे. पण वीस बोंडं कुठली? सांगितलं नाही तर सगळ्याच जणी काठाच्या दोन तासांतून तोडतात, तेवढ्यावरून अख्ख्या शेताचं खरं कळत नाही. म्हणून वाक्य झालं, "शेतात आडवंतिडवं फिरून वीस झाडांचं एकेक हिरवं बोंड तोडा. फार बारकी नको, पार निबर बी नको." मग बोंड अंगठ्यानं फोडून आत बघायचं.

आत काय बघायचं, याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. गुलाबी म्हटलं की माणूस गुलाबीच शोधतो. पण नुकती शिरलेली अळी पांढरट असते, डोकं तेवढं तपकिरी. गुलाबी रंग पुढं मोठी झाल्यावर येतो. एका काकूंनी माझ्यासमोर बोंड फोडलं, "काय बी नाय" म्हणून बाजूला टाकलं. ते मी उचललं तर कवळ्या सरकीजवळ तांदळाच्या कणीएवढी पांढरी अळी वळवळत होती. त्यांनीच मग पुढच्या बाईला सांगितलं, "धवळी दिसली तरी तीच हाय बरं का." हे वाक्य मी जसंच्या तसं घेतलं. मला ते माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा चांगलं वाटतं.

कामगंध सापळा मादीच्या वासाच्या गोळीनं नर पतंगांना पिशवीत ओढतो. त्याची मोजणी वेगळ्याच कारणानं बिघडत होती. "सलग तीन दिवस आठ पतंग" हे ऐकून काहींनी तीन दिवसांची बेरीज आठ धरली. काही जणी पिशवी रिकामीच करत नव्हत्या, त्यामुळं कालचे पतंग आज पुन्हा मोजले जायचे. म्हणून ते असं मोडलं: "रोज सकाळी एका सापळ्यातले पतंग मोजा, मोजले की पिशवी रिकामी करा. तीन सकाळ रोज आठ किंवा जास्त निघाले, तर मालकाला सांगा." हेक्टरी पाचचं एकरी दोन केलं, कारण इकडं जमीन एकरातच बोलली जाते. आणि 45 दिवस कोण मोजत बसणार? "पाती लागायला लागली की सापळा" म्हटल्यावर कुणी काही विचारलंच नाही.

राहिला "किंवा". तीन तोंडांतून गेला की त्याचा "आणि" होतो. मग दोन्ही दिसल्याशिवाय कुणी हलत नाही, आणि तोवर अळी बोंडात जाऊन बसलेली असते. म्हणून दोन वाक्यं तोडली आणि शेवटी जोडलं, "दोन्हीपैकी एक दिसलं तरी बास."

डोमकळीची ओळ मी स्वतःहून वर घेतली. आत अळी असलेल्या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, एकमेकींत चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसतात, ते फूल खुरपताना सहज हाताला लागतं. ते तोडून बांधावर फेकलं तर अळी बाहेर पडते. म्हणून "ओट्यात टाका, संध्याकाळी खड्ड्यात पुरा."

चिठ्ठीवर औषधाचं नाव, आणि मात्रा पंपाप्रमाणं: 15 लिटरच्या पंपाला 30 मिली. टोपणानं मोजायचं नाही, कारण टोपणं बाटलीगणिक बदलतात. मापाचा पेला दुकानातून मागून घ्यायचा. तिप्पटची ओळ मी चिठ्ठीतून काढली. पेट्रोल पंप बारीक तुषार उडवतो, एकराला पाणी कमी लागतं, म्हणून तेवढ्याच पाण्यात औषध जास्त घालायचं असतं. पण आता गावात पेट्रोल पंपासारखंच बॅटरीच्या पंपालाही लोक पावर पंप म्हणतात, आणि त्यात तिप्पट गेलं तर फवारणाऱ्याच्या अंगावर तिप्पट विष. ज्यांच्याकडं खरंच पेट्रोल पंप आहे, त्यांना कृषी सहायकांनी पंप बघून समोर सांगावं, असं आम्ही ठरवलं. हातमोजे, तोंडाला रुमाल आणि वाऱ्याच्या उलट फवारायचं नाही, एवढं चिठ्ठीच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत घेतलं.

शेवटी सगळं कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्रज्ञांकडं नेलं. त्यांनी एकच गोष्ट वाढवली: बोंड फोडल्यावर अळी नसेल, पण आतल्या सालीवर बारीक फोड किंवा बाहेर पडल्याचं गोल भोक असेल, तर तेही किडकं धरा. बायकांच्या बोलीत ते "अळी गेली, घर राहिलं" असं झालं, आणि लगेच बसलं.

पोळ्यानंतरच्या मोजणीत एका शेतात वीसपैकी तीन किडकी निघाली, मालकानं चिठ्ठी दुकानात दाखवून फवारणी केली. शेजारच्या शेतात एकच निघालं. तिथला मालक तरी औषध आणायला निघाला होता. मुकादमीण मावशी म्हणाल्या, "दादा, एकच हाय, दोन नाय. सापळ्यात बी आठ नाय. आठवड्यानं परत फोडू, मंग बघा." तो थांबला. आठवड्यानं पुन्हा वीस फोडली तेव्हा एकच होतं. आता सापळ्यातली गोळी साधारण महिन्याला बदलायची, ती ओळ बायकांच्या तोंडी बसवायचं काम सुरू आहे.