अनिवासींच्या फ्लॅटविक्रीवर उत्तरं लिहिताना

मी कर सल्लागार आहे. कोरा या प्रश्नोत्तरांच्या साइटवर मराठीत उत्तरं लिहायला घेतली तेव्हा विषय एकच ठेवला: परदेशात राहणाऱ्यांनी इथलं घर विकणं. रिटर्न कसं भरायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत. पुण्यातला फ्लॅट विकणाऱ्या न्यू जर्सीतल्या माणसाला नेमकं सांगणारं मराठीत मला फारसं कोणी दिसेना.

2025 मधला एक प्रश्न सांगतो. 2012 मध्ये 45 लाखांना घेतलेला फ्लॅट 90 लाखांना जात होता आणि खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो म्हणत होता. मी पहिल्याच ओळीत लिहिलं, "एक टक्का चालणार नाही. तो निवासी विक्रेत्यासाठी आहे. तुम्हाला कलम 195 लागतं." मग हिशेब मांडला. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीवर अनिवासींना इंडेक्सेशन नाही, म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरता येत नाही, म्हणून नफा 45 लाख. त्यावर साडेबारा टक्के आणि उपकर धरून खरा कर 5.85 लाख. पण नफा किती हे खरेदीदाराने स्वतः ठरवायचं नसतं, म्हणून तो पूर्ण 90 लाखांवर कापतो; अधिभार, उपकरासह 12.87 लाख. वरचे सात लाख रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकतात.

यावर उपाय म्हणजे आयकर खात्याकडे अर्ज करून, तेव्हा फॉर्म 13 भरून, कमी कपातीचं प्रमाणपत्र घेणं. इथे लोक हमखास अडखळतात. प्रमाणपत्र मिळण्याआधी दिलेल्या रकमेला ते लागू होत नाही, आणि तेव्हा अर्जात खरेदीदाराचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, लागत होता. म्हणून साठेखतातच लिहून घ्यावं, की टोकन सोडून मोठी रक्कम प्रमाणपत्रानंतरच द्यायची. हे मी सविस्तर लिहिलं, कारण माझ्या मते सल्ल्याचा खरा कस इथेच लागतो.

प्रश्नात बऱ्याचदा अर्धीच माहिती असते. माणूस त्या वर्षी कायद्याने अनिवासी आहे का, घर वारसाने आलंय का, हे मी उत्तराखालीच विचारतो. कोणी पॅन किंवा करारनामा तिथे टाकला तर आधी काढायला लावतो. प्रत्येक उत्तरावर कोणत्या तारखेचा कायदा धरला ते असतं. जुलै 2024 च्या बदलानंतर मी जुनी सगळी उत्तरं उघडून आकडे बदलले. जुना दर वाचून कोणी साठेखत केलं तर त्याचं नुकसान होतं.

कामं आली ती प्रश्न विचारणाऱ्यांकडून क्वचितच. महिन्यांनंतर तोच प्रश्न शोधत आलेले वाचक फोन करतात, आणि त्यांत खरेदीदारांचे वकीलही असतात, कारण कपात चुकली तर नोटीस खरेदीदारालाच येते. पैसे परदेशी पाठवताना लागणारं प्रमाणपत्र सीएच देऊ शकतो, मी सीए नाही. ते काम मी एका सीएंकडे पाठवतो आणि कमी कपातीचे अर्ज ते माझ्याकडे पाठवतात. सगळ्यात नियमित काम आज त्यांच्याकडूनच येतं. माझं फॉर्म 13 चं उत्तर वाचूनच त्यांनी पहिला फोन केला होता.